डॉलरऐवजी रुपयात बिल आणि दराच्या जोखमीची वाटणी: सांगलीच्या आयातदारांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची सुक्या मेव्याची पेढी आहे. बेदाणा तासगावचा, हळद इथलीच, खजूर मात्र कंटेनरने दुबईहून येतो. बरीच वर्षं आम्ही तो डॉलरच्या बिलावर घेतला. आता रुपयात घेतो आणि दर फार हलला तर फरक पुरवठादाराबरोबर वाटून घेतो. यार्डातले आणि कुपवाड एमआयडीसीतले बरेच जण याबद्दल विचारत असतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हिशेब पटकन समजावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

डॉलरमध्ये बिल असलं तर नेमकं काय बिघडतं?

आमचा माल विकला जातो रुपयात, आणि भाव बऱ्याचदा माल येण्याआधीच ठरलेला असतो. रमजानच्या आधी कोल्हापूर, मिरज, विजापूरचे किरकोळ व्यापारी आगाऊ सौदे करतात. आम्ही नोव्हेंबरमध्ये ऑर्डर देतो, माल जानेवारीत निघतो, पैसे त्यानंतर जातात. या तीन महिन्यांत डॉलर चढला, तर चढलेला प्रत्येक पैसा आमच्या नफ्यातून जातो. खजुराच्या धंद्यात कंटेनरमागे तीन-चार टक्के सुटले तरी समाधान मानायचं. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ च्या आतबाहेर होता आणि वर्ष संपताना ८२ च्या वर गेला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. अशा एका हालचालीत वर्षभराची मेहनत धुऊन निघते.

रुपयात बिल घेणं कायदेशीर आहे का? रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते का?

कायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने आयात-निर्यातीचं बिल आणि भरणा रुपयात करण्याची रीतसर व्यवस्था घालून दिली. परदेशी बँक भारतातल्या बँकेत ‘स्पेशल रुपी व्होस्ट्रो’ नावाचं खातं उघडते. आपण रुपये त्या खात्यात भरतो आणि तिकडची बँक पुरवठादाराला पैसे देते. संयुक्त अरब अमिरातीशी तर १५ जुलै २०२३ ला दोन्ही मध्यवर्ती बँकांचा स्थानिक चलनांत व्यवहार करण्याचा वेगळा करार झाला आहे. आयातदाराला स्वतः कुठे अर्ज करावा लागत नाही. काम बँकेमार्फतच होतं.

मग दिऱ्हममध्ये बिल घेतलं तर? तेही स्थानिक चलनच आहे.

इथे बरेच जण फसतात. दिऱ्हम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिऱ्हम. डॉलर रुपयाच्या तुलनेत जेवढा चढेल, दिऱ्हमही तेवढाच चढणार. दिऱ्हमच्या बिलाने बँकेचं एखादं कमिशन वाचेल, पण दराची जोखीम तसूभरही कमी होणार नाही. ‘स्थानिक चलन’ हा शब्द ऐकून खूश होण्याआधी ते चलन कशाला बांधलेलं आहे हे पाहा. दुबईच्या बाबतीत आपल्या कामाचं चलन रुपयाच.

पुरवठादार रुपये का घेईल? त्याला त्याचं काय करायचंय?

सगळी बोलणी या एका प्रश्नावर उभी असतात. आम्हीही सुरुवातीला तो नीट विचारला नाही आणि पहिल्या दोन पुरवठादारांकडून नकार घेऊन परत आलो.

रुपये हातात पडल्यावर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर ते बदलून दिऱ्हम करायचे. त्यात त्याची बँक खरेदी-विक्रीतला फरक कापते, आणि तो खर्च आज ना उद्या तुमच्याच भावात येतो. नाहीतर ते भारतात खर्च करायचे. त्यामुळे ज्याला भारतातून काही विकत घ्यायचं आहे तोच रुपयासाठी खरा गिऱ्हाईक.

आमच्या तिसऱ्या पुरवठादाराच्या घरचाच दुसरा धंदा मसाल्याचा निघाला. तो दरवर्षी सांगलीची हळद उचलतो. खजुराचे पैसे त्याला जानेवारी-फेब्रुवारीत मिळतात, आणि नव्या हळदीची आवक यार्डात त्याच सुमाराला सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. आधी तो आमच्याकडून डॉलर घेत होता आणि हळदीसाठी इकडे पुन्हा डॉलरच पाठवत होता. दोन्ही वेळा बँकेला कमिशन जात होतं. हे कागदावर मांडून दाखवल्यावर बोलणं पुढे सरकलं.

म्हणून भावाचं बोलण्याआधी सहज विचारून घ्या: “शेठ, भारतातून काय काय माल उचलता? कुठल्या महिन्यात?” उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर रुपयाचा आग्रह धरू नका. तो हो म्हणाला तरी महागात पडेल.

त्याला हळद घ्यायची आहे, मला खजूर. मग परस्पर वळतं करून टाकलं तर?

नाही. आयातीचे पैसे आणि निर्यातीचे पैसे आपल्या मर्जीने एकमेकांत वळते करता येत नाहीत. त्यासाठी बँकेकडे अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि हळद विकणारी पेढी वेगळी असेल तर ती वाटही बंद. खजुराचे रुपये व्होस्ट्रो खात्यात जातील आणि हळदीचे रुपये त्या खात्यातून हळदवाल्याला येतील. दोन्ही नोंदी स्वतंत्र राहू द्या.

याहून धोक्याची एक सूचना हमखास येते: “माझ्या भावाचं मुंबईत खातं आहे, रुपये तिथेच टाका.” त्याला तिथल्या तिथे स्पष्ट नकार द्या. माल परदेशातून आला आणि पैसे देशातल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले, तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे केलेली आयातीची नोंद, रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या आयातीच्या भरण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीत उघडीच राहते. परकी चलन कायद्याचा भंग होतो तो वेगळाच. रुपयात बिल म्हणजे रुपयात कुठेही भरणा नव्हे.

रुपयाचा भाव मागितला की तो वाढवूनच सांगतो. वाढ वाजवी आहे हे कसं ओळखायचं?

एकाच दिवशी, एकाच मालाचे दोन भाव मागा, एक डॉलरमध्ये आणि एक रुपयात. मग रुपयाच्या भावाला डॉलरच्या भावाने भागा.

समजा, कंटेनरचा भाव ३०,००० डॉलर आहे आणि रुपयात तो २७,५४,००० सांगतो. भागाकार ९१.८० येतो. म्हणजे त्याने डॉलर ९१.८० धरला आहे. आता बँकेला फोन करून पैसे देण्याच्या सुमाराचा, म्हणजे तीन महिन्यांनंतरचा फॉरवर्ड दर विचारा; त्या दिवशी डॉलर देण्यासाठी बँक आजच पक्का करते तो हा दर. आजचा बाजारदर ८९.५० आणि फॉरवर्ड ९० आहे असं समजू. फॉरवर्ड आजच्या दरापेक्षा थोडा वर असणं स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडचे व्याजदर डॉलरच्या व्याजदरांपेक्षा सहसा जास्त असतात. तेवढी वाढ मागण्याचा त्याला हक्क आहे. ९० च्या वरचे १.८० मात्र त्याने भीतीपोटी धरलेले असतात. ३०,००० डॉलरवर ते ५४,००० रुपये होतात.

एवढं महाग असेल तर डॉलरचं बिल घेऊन बँकेत फॉरवर्ड करार करणंच स्वस्त पडतं. रुपयाच्या भावाची तुलना नेहमी फॉरवर्डशी करायची. आजच्या दराशी केली तर पुरवठादार लुबाडतोय असं विनाकारण वाटतं. आणि ही भीतीची ५४,००० रक्कम कमी करण्यासाठीच जोखमीच्या वाटणीचा प्रस्ताव ठेवायचा. “सगळी जोखीम तुमच्यावर टाकत नाही, मग तेवढी गादीही भावात धरू नका” असं आम्ही त्याला सांगितलं.

वाटणी म्हणजे नेमकं काय ठरवायचं?

चार गोष्टी. मूळ दर, न हलणारा पट्टा, पट्ट्याबाहेरच्या फरकाची वाटणी, आणि दर कुठला व कोणत्या दिवसाचा धरायचा ते.

आमचा मूळ दर फॉरवर्डवरून ९० ठरला, म्हणून कंटेनरचा भाव २७,००,००० रुपये. पट्टा वरखाली एक टक्का, म्हणजे ८९.१० ते ९०.९०. दर या पट्ट्यात राहिला तर भाव तोच राहतो. पट्ट्याबाहेर गेला तर जेवढा बाहेर गेला तेवढ्याचा अर्धा भाग भावात येतो.

आता डॉलर चार टक्के चढून ९३.६० झाला असं धरा. पट्ट्याच्या वरच्या कडेपासून तो २.७० पुढे गेला. त्याचा अर्धा १.३५. म्हणून बिलासाठी दर ९०.०० + १.३५ = ९१.३५ आणि बिल २७,४०,५०० रुपयांचं. डॉलरचं बिल असतं तर २८,०८,००० लागले असते. आम्ही ४०,५०० जास्त दिले आणि ६७,५०० त्याने सोसले.

उलट डॉलर चार टक्के उतरून ८६.४० झाला, तर खालच्या कडेपासून फरक पुन्हा २.७०, अर्धा १.३५, दर ८८.६५ आणि बिल २६,५९,५००. डॉलरचं बिल असतं तर २५,९२,००० मध्येच काम झालं असतं. म्हणजे या वेळी ६७,५०० आपल्याला जास्त गेले. अशा वेळी कुरकुर करायची नाही. डॉलर उतरल्यावर जो आयातदार “या खेपेला जुन्या पद्धतीने करू” म्हणतो, त्याला पुढच्या वर्षी कुणी वाटणी देत नाही.

पट्टा एक टक्काच का? दोन-तीन टक्के ठेवला तर कटकट कमी नाही का होणार?

कटकट कमी होते, पण न्याय बिघडतो. ही चूक आम्ही पहिल्या वर्षी केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पट्ट्याच्या आतला फरक कुणाच्या अंगावर पडतो हे बिलाच्या चलनावर ठरतं. बिल रुपयात असेल तर पट्ट्यातली सगळी हालचाल पुरवठादाराची. बिल डॉलरमध्ये ठेवून वाटणी केली तर तीच सगळी हालचाल आपली. करारात शब्द तेच राहतात, ‘दोन टक्क्यांपर्यंत बदल नाही, पुढे निम्मे-निम्मे’, पण ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातं.

आम्ही पट्टा दोन टक्के ठेवला होता. वरच्याच उदाहरणात तो ९१.८० पर्यंत जातो. डॉलर ९३.६० झाला तर बाहेरचा फरक फक्त १.८०, अर्धा ०.९०, बिल २७,२७,०००. एकूण फरक १,०८,००० चा. त्यातले २७,००० आमच्याकडून गेले आणि ८१,००० त्याच्याकडून. तोंडाने निम्मे-निम्मे म्हणत होतो, प्रत्यक्षात एकाला तीन अशी वाटणी होती. हंगाम संपल्यावर त्याने फोनवर शांतपणे एवढंच विचारलं, “भाई, याला अर्धं म्हणतात का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तोवर ते गणित स्वतः केलंच नव्हतं, आणि त्याला फसवल्यासारखं झालं याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी पट्टा आम्हीच आपणहून एक टक्क्यावर आणला.

काही जण सुचवतात की पट्टा ओलांडला की पहिल्या पैशापासून सगळा फरक अर्धा करावा. दिसायला ते स्वच्छ आहे, पण कडेवर भांडण लागतं. दोन टक्क्यांच्या पट्ट्यात दर ९१.७९ असेल तर बिल २७,००,०००, आणि ९१.८१ झाला की एकदम २७,२७,१५०. दोन पैशांसाठी सत्तावीस हजार हलतात. मग कुठल्या दिवसाचा दर धरायचा यावर रोज फोन. पट्टा लहान ठेवून हळूहळू वाटणी होऊ देणं बरं.

दर कुणाचा धरायचा? माझी बँक एक सांगते, त्याची वेगळाच.

दोघांच्याही बँकेचा धरू नका. बँकेच्या दरात तिची कमाई मिसळलेली असते. एफबीआयएल ही संस्था डॉलर-रुपयाचा संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी जाहीर करते. २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करत होती. तो दर दोघांनाही सारखाच दिसतो.

एका दिवसाचा दरही घेऊ नका. बिल ऑफ लॅडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, तिच्या तारखेआधीच्या पाच कामकाजाच्या दिवसांची सरासरी आम्ही धरतो. माल कुठल्या दिवशी जहाजावर चढवायचा हे त्याच्या हातात असतं. एका दिवसाचा दर धरला तर तारीख पुढेमागे करण्याचा मोह होतो. सरासरीमुळे तो मोह बराच कमी होतो.

पैसे देण्याच्या दिवसाचा दर धरणं जास्त बरोबर नाही का?

जोखमीच्या दृष्टीने बरोबर आहे, पण कागदपत्रांच्या दृष्टीने अडचणीचं. सीमाशुल्क बिल ऑफ एंट्रीवर दाखवलेल्या किमतीवर लागतं. जेबेल अलीहून माल काही दिवसांतच न्हावाशेव्याला येतो. शुल्क भरून माल सोडवला आणि महिन्याने दर हलला म्हणून किंमत बदलली, तर आधी जाहीर केलेली किंमत चुकीची ठरते. मग सीमाशुल्क विभागाला कळवा, फेरमूल्यांकन करा, आणि बँकेतही बिल ऑफ एंट्रीची रक्कम एक, पाठवलेली दुसरी. छोट्या पेढीला हे झेपत नाही. म्हणून समायोजन बिल बनण्याआधीच पूर्ण व्हायला हवं. बिलावर एकच अंतिम रुपयाची रक्कम असावी, आणि तीच बिल ऑफ एंट्रीवर, तीच भरण्यात. रुपयाचं बिल असल्याने शुल्कासाठी चलन बदलण्याचा प्रश्नही उरत नाही.

याची एक किंमत आहे. बिल निघाल्यापासून पैसे मिळेपर्यंतची सगळी जोखीम पुरवठादाराची होते. ती कमी करायची असेल तर उधारी कमी करा. आम्ही साठ दिवसांऐवजी तीस दिवसांवर आलो. आमचं खेळतं भांडवल थोडं जास्त अडकतं, पण त्याच्या ‘हो’ मागे हेच सगळ्यात मोठं कारण होतं.

डॉलर भलताच उसळला तर?

त्यासाठी एक मर्यादा लिहून ठेवा. मूळ दरापासून सहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर अजून न निघालेल्या कंटेनरांचा भाव दोघांनी नव्याने बोलायचा. नाही जमलं तर ती ऑर्डर कुणाच्याही दोषाशिवाय रद्द. निघालेल्या मालाला मात्र आधीचंच सूत्र. ही ओळ नसेल तर घाबरलेला पुरवठादार काही बोलत नाही, नुसता माल पाठवायला उशीर करतो. “जहाजात जागा नाही” हे कारण दर चढत असताना दुसऱ्यांदा ऐकू आलं, तर समजा की सूत्र त्याला जड जातंय, आणि तुम्हीच फोन करा.

बँकेत काय काय करावं लागतं?

सुरुवात त्याच्या बाजूने करा. त्याच्या बँकेचं भारतातल्या कुठल्या बँकेत स्पेशल रुपी व्होस्ट्रो खातं आहे, ते त्याच्याकडून लेखी घ्या. ते घेऊन तुमच्या बँकेत जा. सांगलीच्या शाखेत हे काम रोजचं नसतं, प्रकरण बहुधा कोल्हापूर किंवा पुण्याच्या परकी चलन शाखेकडे जातं. तिथल्या अधिकाऱ्याशी थेट बोलून एकच गोष्ट पक्की करा: व्होस्ट्रो खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर रुपये तिकडे गेल्यावर बिल ऑफ एंट्री आयडीपीएमएसमध्ये कोण आणि कशी बंद करणार? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिला कंटेनर रुपयात मागवू नका. आमचा पहिला भरणा याच मुद्द्यावर दोन आठवडे अडकला. पैसे आमच्या खात्यातून गेले होते, त्याला पोचले नव्हते, आणि दोन्ही बँका एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. तीन कंटेनर घ्यायचे असतील तर पहिला एकच रुपयात करून पाहा.

कुणी या भानगडीत पडू नये?

ज्याच्या मालाचा भाव जगभर डॉलरमध्येच बांधला जातो त्याने. पाइप बनवणारे कुपवाडचे एक उद्योजक प्लॅस्टिक दाण्यासाठी हेच करू पाहत होते. त्यांच्या पुरवठादाराने रोजच्या डॉलर भावाला रोजच्या दराने गुणून रुपयाचा आकडा पाठवला. बिल रुपयात, जोखीम जशीच्या तशी.

ज्याला डॉलर मिळतात त्यानेही नको. तुम्ही युरोप-आखातात बेदाणा पाठवत असाल आणि डॉलर ईईएफसी या निर्यातदाराच्या परकी चलन खात्यात जमा होत असतील, तर डॉलरचं आयात बिल तुमच्या सोयीचंच आहे. आलेल्या डॉलरमधून ते फेडा. अशा माणसाने आयात रुपयात नेली तर निर्यातीचे डॉलर उघडे पडतात.

आणि वर्षातून एखादाच कंटेनर घेणाऱ्याला या सगळ्या लिखापढीपेक्षा फॉरवर्ड सोपा.

प्रस्ताव कसा मांडायचा? फोनवर की लिहून?

आधी फोन, मग एक पानी पत्र. पत्रात दर चढल्याचं एक आणि उतरल्याचं एक, अशी दोन्ही उदाहरणं त्याच्या स्वतःच्या कंटेनरच्या रकमेवर सोडवून द्या, वर दिली आहेत तशी. उतरल्याचं उदाहरण आधी ठेवा. त्यात आपण जास्त देतोय हे त्याला दिसतं आणि पुढचं तो मोकळ्या मनाने वाचतो. मुद्दे साधारण असे येतात: पुढचे तीन कंटेनर रुपयात, मूळ दर अमुक तारखेच्या तीन महिन्यांच्या फॉरवर्डवरून, पट्टा एक टक्का, पुढे निम्मे-निम्मे दोन्ही दिशांना, एफबीआयएलची पाच दिवसांची सरासरी, पैसे तीस दिवसांत, सहा टक्क्यांनंतर फेरबोलणी.

पत्र ऑगस्टअखेर पाठवा. नोव्हेंबरमध्ये त्याच्याकडे सगळ्यांचे फोन असतात, तेव्हा त्याला नवीन काही ऐकायला वेळ नसतो. आमच्या शेठनी ते पान तीन आठवडे ठेवून घेतलं, त्यांच्या हिशेबनिसाकडून तपासून घेतलं, आणि परत पाठवताना फक्त एक बदल केला: तीन कंटेनरांच्या जागी दोन लिहिले आणि खाली सही केली.